बाई, मला फोन नंतर करा

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्या वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी लिहिली होती. चिठ्ठीत तीनच वाक्यं होती: 'हिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. कृपया काळजी घ्यावी. काही त्रास झाल्यास मला त्वरित फोन करावा.' खाली सही आणि मोबाइल नंबर. ऑफिसात द्यायच्या इंजेक्शनची पिशवीही मी वेगळी दिली होती. आपलं कर्तव्य झालं असं मला वाटलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी मधल्या सुट्टीत मैत्रिणीने तिला डब्यातली काकडीची कोशिंबीर देऊ केली. मुलीने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "यात दाणे आहेत का?" मैत्रीण म्हणाली, "नाहीत." ती खोटं बोलली नव्हती. दाणे नव्हतेच, कूट होता. सात वर्षांच्या मुलीला कूट म्हणजे शेंगदाणेच हे कुठून ठाऊक असणार?

साधारण दहा मिनिटांनी हिने बाईंना सांगितलं की तोंडात खाजतंय. बाईंनी पाणी प्यायला दिलं. मग खोकला सुरू झाला, थोड्या वेळाने उलटी झाली, मानेवर लाल गांधी उठल्या. बाईंना वाटलं, पित्त झालंय. त्यांनी एका मुलीला सोबत दिलं आणि हिला दोन जिने उतरून ऑफिसात जाऊन पडायला सांगितलं. मग लगेच मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होते, फोन पर्समध्ये होता. त्यांनी तीनदा फोन केला. मी उचलला तेव्हा पंधरा मिनिटं गेली होती. मी ओरडले, "इंजेक्शन द्या!" इंजेक्शन ऑफिसच्या कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते बँकेत गेले होते. शेवटी शाळेतल्या एका सरांनी हिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि औषध तिथे मिळालं. ती वाचली.

त्या रात्री दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा आठवली. बाईंनी चिठ्ठीतला शब्द न् शब्द पाळला होता. मी लिहिलं होतं, फोन करा. त्यांनी फोन केला. चूक माझ्या चिठ्ठीत होती. मी त्यांना एक बातमी दिली होती आणि निर्णय मात्र त्या क्षणासाठी शिल्लक ठेवला होता. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या बाईंनी तो घ्यावा, किंवा माझ्याकडून विचारून घ्यावा, अशी माझी अपेक्षा होती. त्यानंतर मी आमच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांसोबत बसून नवं पत्र तयार केलं. घरात असं मूल असलेल्या पालकांना, आणि वर्गात असं मूल असलेल्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून ते पत्र आणि त्यातल्या ओळींमागची कारणं इथे देते आहे.

शरीरात काय होतं

ॲलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने शेंगदाण्यातल्या प्रथिनाला शत्रू समजणं. ते प्रथिन पोटात गेलं की त्वचा, श्वासनलिका, आतडी अशा ठिकाणी असलेल्या विशिष्ट पेशी एकदम फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हिस्टामिनसह अनेक रसायनं रक्तात सोडतात. त्वचेत ती खाज आणि गांधी आणतात, आतड्यांत उलटी आणि कळा. श्वासनलिका आवळते, घशाला सूज येते. रक्तवाहिन्या सैल पडून त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं आणि रक्तदाब कोसळतो. एकापेक्षा अधिक ठिकाणी एकाच वेळी असं घडू लागलं, किंवा श्वास किंवा रक्तदाब सापडला, की त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. खाल्ल्यापासून बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत ते सुरू होतं.

याला पहिलं औषध एकच, ॲड्रेनॅलिन. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळतं, आवळलेली श्वासनलिका उघडतं, हृदयाला जोर देतं आणि त्या पेशींना आणखी रसायनं सोडण्यापासून रोखतं. आपल्याकडे ॲलर्जी म्हटलं की एविल किंवा सेट्रिझिन आठवतं. ही औषधं फक्त हिस्टामिनला अडवतात. त्यांनी खाज कमी होते, पण घशाची सूज आणि कोसळणारा रक्तदाब त्यांना आवरत नाही, शिवाय तोंडाने घेतल्यावर परिणाम दिसायला अर्धा तास तरी लागतो. खाज थांबली म्हणून मूल बरं झालंय असं वाटतं आणि तेवढ्यात आतली गोष्ट पुढे गेलेली असते.

आणखी एक अडचण आपल्या भाषेतली आहे. अंगावर गांधी उठल्या की आपण म्हणतो, पित्त उठलं. आंबट उलटी झाली तरी म्हणतो, पित्त झालं. एकीकडे आमसुलाचं पाणी अंगाला लावतात, दुसरीकडे कोकम सरबत पाजतात. या दोन्ही गोष्टी एकाच मुलाला एकाच वेळी झाल्या, तर मराठी माणसाच्या तोंडून आपोआप 'पित्त' हाच शब्द निघतो आणि तिथेच विचार थांबतो. ॲनाफिलॅक्सिसची खूण मात्र नेमकी हीच असू शकते: गांधी आणि उलटी एकत्र. म्हणून माझ्या पत्रात त्या शब्दाबद्दल एक वेगळी ओळ आहे.

पत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. माझी मुलगी यंदा तुमच्या तिसरीच्या वर्गात आहे. तिला शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी आहे. तपासण्या करून डॉक्टरांनी ती निश्चित केली आहे. तिचं वजन जूनमध्ये २४ किलो आहे. डॉक्टरांची सही असलेला एक पानी आराखडा आणि तिचा फोटो सोबत जोडला आहे. हे पत्र मोठं आहे, पण प्रसंग आला तर तुम्हाला फक्त पहिले तीन मुद्दे लागतील.

१. केव्हा काय करायचं. तिने काही खाल्लं असेल किंवा खाल्ल्याची शंका असेल आणि फक्त तोंडात खाज, ओठाला किंचित सूज किंवा चार-दोन गांधी एवढंच असेल, तर पिशवीतलं सेट्रिझिनचं औषध पाच मिली द्या, तिला तुमच्या नजरेसमोर बसवा आणि मला फोन करा. तिला एकटी कुठेही पाठवू नका, स्वच्छतागृहातही नाही.

पण पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर लगेच पेन द्या: सतत खोकला, आवाज घोगरा होणं, गिळता न येणं, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, चेहरा पांढरा पडणं, चक्कर, गळून जाणं. गांधी आणि उलटी दोन्ही एकत्र दिसल्या तरी पेन द्या. पुन्हा पुन्हा उलटी झाली तरीही. कृपया याला पित्त समजू नका.

२. पेन कसं द्यायचं. तिला जागेवरच झोपवा. पेन नळीतून काढा. मुठीत असं धरा की नारंगी टोक खाली राहील. अंगठा कोणत्याही टोकावर ठेवू नका. दुसऱ्या हाताने निळी टोपी सरळ ओढून काढा. तिचा पाय घट्ट धरा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, नारंगी टोक 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबा आणि तीन आकडे सावकाश मोजा. गणवेशावरूनच द्यायचं, कपडे काढण्यात वेळ घालवू नका. वेळ लिहून ठेवा.

३. त्यानंतर १०८ ला फोन करा आणि सांगा, 'ॲनाफिलॅक्सिस, आठ वर्षांची मुलगी, ॲड्रेनॅलिन दिलं आहे.' मला त्यानंतर फोन करा. मी उचलला नाही तर थांबू नका. तिला झोपवूनच ठेवा आणि पाय थोडे उंच करा. श्वासाला त्रास होत असेल तर टेकवून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. तिला उभं करू नका, चालवू नका, जिना उतरवू नका. पाच मिनिटांत फरक दिसला नाही तर दुसरं पेन दुसऱ्या मांडीत द्या. ती बरी वाटली तरी दवाखान्यात न्यायचंच आहे. वापरलेली पेनं सोबत द्या.

४. पेन कुठे आहेत. लाल पिशवीत दोन पेनं, औषधाची बाटली आणि हा आराखडा आहे. पिशवी तुमच्या टेबलाच्या वरच्या, कुलूप नसलेल्या खणात राहू द्या. खेळाच्या तासाला, प्रयोगशाळेत, सहलीला ती पिशवी मुलीसोबत जाईल. फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी मी नवी पेनं आणून देईन.

५. खाणं. ती फक्त घरचा डबा खाईल. वाढदिवसाला, गोपाळकाल्याला, संक्रांतीला, स्वातंत्र्यदिनाला जे वाटलं जाईल ते तिने घ्यायचं, पण खायचं नाही. तुमच्याकडे मी एक खाऊचा डबा ठेवते आहे, त्यातलं तिला त्या वेळी द्या. सगळ्या मुलांनी मधल्या सुट्टीनंतर साबणाने हात धुतले तर मोठी मदत होईल. सॅनिटायझर नको.

६. तिला वेगळ्या बाकावर बसवू नका. शेजारी कोणी शेंगदाणे खाल्ले तर त्या वासाने तिला धोका नाही. धोका तिच्या तोंडात जाणाऱ्या कणांचा आहे.

७. वर लिहिल्याप्रमाणे पेन द्यायला मी आणि तिचे वडील लेखी संमती देत आहोत. शंका आली तर पेन द्या. ते गरज नसताना दिलं गेलं तर काही वेळ तिची छाती धडधडेल, हात थरथरतील, एवढंच. गरज असताना दिलं नाही तर ती जाऊ शकते. तुम्ही पेन दिलंत म्हणून आमची तक्रार कधीही असणार नाही.

तुमची नम्र,
तिची आई

या ओळी अशाच का

आता कारणांकडे येते. पहिल्या मुद्द्यात मी 'गंभीर रिअ‍ॅक्शन आल्यास' असे शब्द टाळले आहेत. गंभीर कशाला म्हणायचं हा निर्णय डॉक्टरांना दवाखान्यात घेता येतो, वर्गात तो घेता येत नाही. वर्गात फक्त दिसतं आणि ऐकू येतं. म्हणून डॉक्टरांनी निदानाऐवजी खुणा लिहायला सांगितल्या. खोकला ही त्यांतली सगळ्यात फसवी खूण. जुलैत निम्मा वर्ग खोकत असतो. पण काही खाल्ल्यावर अचानक सुरू झालेला आणि न थांबणारा खोकला म्हणजे श्वासनलिका आवळू लागली आहे. मुलं 'श्वास लागतोय' असं म्हणत नाहीत. ती 'घशात काहीतरी अडकलंय' म्हणतात, घसा खाकरत राहतात, किंवा नेहमीची बडबडी पोर एकदम गप्प होते.

झोपवून ठेवण्याबद्दल मी तीनदा लिहिलं आहे, कारण माझ्या मुलीला दोन जिने उतरायला लावलं गेलं होतं. रक्तदाब घसरलेला असताना माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे जातं आणि हृदयात भरायला रक्तच उरत नाही. इंग्लंडमधले डॉक्टर पम्फ्री यांनी ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा काही माणसं झोपलेल्या स्थितीतून उठून बसताच किंवा उभी राहताच गेल्याचं त्यांना आढळलं. आपल्याकडे मुलाला बरं वाटेना की 'चल, ऑफिसात जाऊन पड' हा प्रेमाचाच सल्ला असतो. इथे मात्र मुलाला औषधापर्यंत न्यायचं नाही, औषध मुलापर्यंत आणायचं.

त्यामुळेच कुलूप नको. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २००३ साली सब्रिना शॅनन नावाची १३ वर्षांची मुलगी शाळेत रिअ‍ॅक्शन येऊन वारली. तिला दुधाची ॲलर्जी होती. शाळेच्या उपाहारगृहातून तिने बटाट्याचे फ्राइज घेतले, तेही विचारून. चीज लागलेल्या चिमट्याने ते उचलले गेले असावेत असं मानलं जातं. तिचं इंजेक्शन तिच्या लॉकरमध्ये होतं आणि ते आणेपर्यंत उशीर झाला. तिच्या नावाने तिथे कायदा झाला. १ जानेवारी २००६ पासून ओंटारिओतल्या प्रत्येक शाळा-मंडळाला ॲनाफिलॅक्सिसचं धोरण ठेवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे ही जबाबदारी आई-बापाच्या पत्रावर येऊन पडते. लहान मुलांच्या हाती औषध लागेल म्हणून कुलूप लावतात, ही शाळांची भीती मी समजू शकते. पण बाईंच्या टेबलाचा वरचा खण मुलांच्या हातापासून लांब असतो आणि बाईंच्या हातापासून एका वीतेवर.

पेन, ॲम्प्यूल आणि वजन

ज्याला मी पत्रात पेन म्हटलं आहे त्याचं खरं नाव ऑटोइंजेक्टर. आत ठरलेल्या मात्रेचं औषध आणि स्प्रिंगची सुई असते. परदेशात ते शाळाशाळांत दिसतं. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते सहज मिळत नाही. बरीच कुटुंबं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बाहेरून मागवतात किंवा नातेवाइकांकरवी आणतात. आमची पेनंही तशीच येतात. प्रत्येक कंपनीच्या पेनाची टोपी आणि टोक वेगळं असतं, म्हणून दुसऱ्या पालकांनी माझं निळं-नारंगी उतरवून घेऊ नये. आपल्या पेनावरच्या सूचना वाचून लिहावं.

ॲड्रेनॅलिन स्वतः मात्र दुर्मीळ नाही. एक मिलीची काचेची ॲम्प्यूल जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात असते आणि स्वस्त असते. त्यात एक मिलीग्रॅम औषध असतं. मुलांसाठी मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त ०.३ मिलीग्रॅम. म्हणजे माझ्या २४ किलोच्या मुलीला ०.२४ मिलीग्रॅम, ॲम्प्यूलचा जेमतेम पाव भाग. पेनं साधारण ०.१५ आणि ०.३ मिलीग्रॅमची येतात. तिचं वजन या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आहे, म्हणून कोणतं द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवलं. दर जूनला मी तिचं वजन करते ते याचसाठी. पहिलीतलं पेन चौथीत अपुरं पडू शकतं.

मग ॲम्प्यूल आणि सिरिंजच शाळेत का ठेवू नये? कॅनडात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पालकांना ॲम्प्यूल फोडून तान्ह्या मुलाची मात्रा सिरिंजमध्ये भरायला सांगितलं होतं. त्यांना सरासरी दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला आणि भरलेल्या मात्रांत प्रचंड फरक पडला. तेही शांत खोलीत, समोर आजारी मूल नसताना. काच फोडून पाव मिली मोजण्याचं काम थरथरत्या हातांनी होत नाही. पेन परवडत किंवा मिळत नसेल, तर डॉक्टर नेमकी मात्रा आधीच भरलेली सिरिंज तयार करून देऊ शकतात. ती उजेडापासून झाकून ठेवावी लागते, फार काळ टिकत नाही आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला बदलावीच लागते. ती तारीख पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा. पेन असो की सिरिंज, आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. तपकिरी छटा किंवा कण दिसले तर ते बदला. पण ऐन प्रसंगी दुसरं काहीच नसेल, तर मुदत संपलेलं पेनही न देण्यापेक्षा दिलेलं बरं, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं आहे.

बरं वाटलं तरी दवाखान्यात का, हा प्रश्न बाई नक्की विचारतात. ॲड्रेनॅलिनचा परिणाम थोडाच वेळ राहतो. काही मुलांना काही तासांनी, काहीही नवं न खाता, दुसरी लाट येते. म्हणून तिथे काही तास देखरेखीखाली ठेवतात. दवाखान्यातही पालकांनी एक वाक्य पाठ ठेवावं: 'ॲड्रेनॅलिन किती वाजता दिलं, ते हे.' कुठे-कुठे अजूनही पहिल्यांदा एविल आणि स्टेरॉइड टोचण्याची सवय आहे. ती औषधं नंतर चालतील, पण ती पहिलं औषध नव्हेत.

दाणे नाहीत, कूट आहे

मराठी स्वयंपाकघरात शेंगदाणा दिसतो त्याहून जास्त लपतो. पोह्यांतला दाणा मुलीला दिसतो, ती बाजूला सरते. पण कोशिंबिरीतला, साबुदाण्याच्या खिचडीतला, भरल्या वांग्यातला, पालेभाजीतला कूट दिसत नाही. एकादशीला तर उपासाच्या डब्यांनी वर्ग भरतो. वडापावच्या कोरड्या चटणीत, तिळगुळाच्या वडीत, चिवड्याच्या तळाशी तोच. शेंगदाण्याच्या रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, पण हल्ली घरोघरी आलेल्या लाकडी घाण्याच्या तेलात ते राहतं. म्हणून माझी मुलगी आता 'दाणे आहेत का' असं विचारत नाही. ती 'मी फक्त माझा डबा खाते' असं म्हणते. प्रश्नाचं उत्तर चुकू शकतं. हे वाक्य चुकत नाही.

बंद पाकिटातल्या खाऊबद्दल कायद्याची थोडी मदत आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, सोया, गहू यांसारखे ॲलर्जी आणणारे घटक पाकिटावर वेगळे नमूद करावे लागतात. 'असू शकतो' अशा शब्दांतला इशाराही तिथेच असतो. तो इशारा आम्ही 'आहे' असाच वाचतो. पण वाढदिवसाला वाटलेल्या सुट्या चॉकलेटवर हे काही नसतं. म्हणून खाऊचा डबा. त्यात तिला आवडणाऱ्या गोष्टी असतात, आणि वर्गात सगळे गोड खात असताना ती हात रिकामा घेऊन बसत नाही.

सॅनिटायझरच्या ओळीने बाईंना नवल वाटलं होतं. जंतू मरतात, पण शेंगदाण्याचं प्रथिन हे जंतू नव्हे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी पीनट बटर लागलेले हात तपासले, तेव्हा साबणाने किंवा ओल्या वाइप्सने प्रथिन निघून गेलं, तर नुसत्या पाण्याने आणि सॅनिटायझरने धुतलेल्या काही हातांवर ते राहिलं. तसंच, ॲलर्जी असलेल्या मुलांना पीनट बटरचा वास देऊन आणि त्वचेला ते लावून झालेल्या चाचणीत कुणालाही अंगभर रिअ‍ॅक्शन आली नाही, लावलेल्या जागी थोडी लाली किंवा खाज आली तेवढीच. म्हणून सहावा मुद्दा. दुसरीच्या त्या प्रसंगानंतर शाळेने काळजीपोटी हिला आठवडाभर खिडकीजवळ एकटीला डबा खायला बसवलं होतं. ती घरी येऊन म्हणाली, "आई, मी आजारी नाहीये ना?" तिला एकटीला बसवून शेंगदाणा दूर जात नाही, मैत्रिणी तेवढ्या जातात. आणि घसा खाकरू लागली की पहिल्यांदा बाईंना हाक मारणारी मैत्रीणच असते.

बाईंची भीती

सातव्या मुद्द्याशिवाय बाकीचे सहा वाया जातात. शिक्षकांच्या मनात सुईची भीती कमी असते, 'काही झालं तर माझ्यावर येईल' ही जास्त. ती खरी भीती आहे, तिला तोंडी 'काही नाही होत हो' म्हणून उडवू नये. भारतीय न्याय संहितेच्या २७व्या कलमात, जुन्या दंड संहितेच्या ८९व्या कलमासारखीच, तरतूद आहे: १२ वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या संमतीने आणि सद्‍भावनेने केलेली कृती, कायद्याने घातलेल्या काही मर्यादांत, गुन्हा ठरत नाही. संमती लेखी असली की बाईंच्या हातात काहीतरी असतं. म्हणून पत्रावर दोन्ही पालकांच्या सह्या आहेत आणि आराखड्यावर डॉक्टरांची.

आणि पत्र नुसतं पाठवायचं नाही. मी जूनमध्ये दहा मिनिटं मागून घेते. सुई आणि औषध नसलेलं सरावाचं पेन नेते आणि बाईंना माझ्या मांडीवर ते दाबायला लावते. पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येकजण अंगठा टोकावर ठेवतो. पेन उलटं धरलेलं असेल तर सुई त्याच अंगठ्यात जाते. वाचून ही चूक सुटत नाही, हाताने दोनदा केलं की सुटते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पुन्हा पाच मिनिटं जाते, कारण हात विसरतो.

यंदाच्या बाईंनी पत्र शांतपणे वाचलं. सरावाचं पेन दोनदा दाबलं. मग आराखड्याची एक प्रत हजेरीपटाच्या आतल्या पानाला चिकटवली. पत्र पुन्हा उलटून पाहिलं आणि विचारलं, "मी रजेवर असेन त्या दिवशी?"

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टरांच्याही नाही. बाईंनी लाल पेन उचललं आणि माझ्या सातव्या मुद्द्याखाली आपल्या अक्षरात आठवा लिहिला: 'मी गैरहजर असल्यास शेजारच्या वर्गाच्या बाई. त्यांना खण माहीत आहे.' मग त्या उठल्या, सरावाचं पेन हातात घेतलं आणि मला घेऊन शेजारच्या वर्गात गेल्या.